‘प्रिये’ ऐकून हसू का येतं?

परवा एका परदेशी मालिकेचा मराठी अवतार बघत होतो. नवरा बायकोला म्हणाला, “प्रिये, गाडीची किल्ली पाहिलीस का?” आणि आमच्या घरातले सगळे फिस्सकन हसले. प्रसंग खरं तर गंभीर होता, त्याची नोकरी गेली होती. पण ‘प्रिये’ने सगळा विचका केला. “संस्कृत शब्द ना, म्हणून जुनाट वाटतो,” असा निकालही लगेच लागला.

हा निकाल चुकीचा आहे. ‘राणी’ संस्कृतातल्या ‘राज्ञी’ची, ‘बाळ’ म्हणजे ‘बाल’ आणि ‘सोन्या’च्या मुळाशी ‘सुवर्ण’. “सोन्या, किल्ली पाहिलीस का?” यावर कुणी हसत नाही. मग ‘प्रिये’नंच काय पाप केलं?

उत्तराचा एक धागा त्या ‘प्र’मध्ये आहे. संस्कृतातून प्राकृतात येताना शब्दांच्या सुरुवातीच्या जोडाक्षरातला ‘र’ सहसा गळून पडला. ग्रामचा गाव झाला, भ्राताचा भाऊ, क्रोशाचा कोस. हे कुणी ठरवून केलेलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या बोलता बोलता शब्द झिजले. ‘प्रिय’ही झिजला होता. ‘गाथासप्तशती’ या जुन्या काव्यसंग्रहाच्या महाराष्ट्री प्राकृतात तो ‘पिअ’ असा दिसतो. हिंदीतला ‘पिया’ त्याच वाटेने आला. आपल्या बोलण्यात मात्र ते झिजलेलं रूप टिकलं नाही. आपण ‘प्रिय’ पुन्हा संस्कृतातून जसाच्या तसा उचलला. गुळगुळीत झालेल्या नाण्यांत एखादं कोरं नाणं निघावं, तसा त्याचा ‘र’ शाबूत आहे. म्हणजे गंमत बघा, ज्याला आपण जुनाट म्हणतो तो शब्द या रूपात बोलीला उलट परका आहे, आणि खरे जुने, झिजलेले शब्द आपल्याला रोजचे वाटतात.

 

पण कोरेपणावर सगळं ढकलून चालणार नाही, कारण ‘राजा’सुद्धा न झिजलेला आहे. तरी आई मुलाला “जेवलास का रे राजा?” असं सहज म्हणते. इथे व्याकरण सोडून घराघरांत डोकवावं लागतं. ‘राजा’ लाडाची हाक म्हणून तोंडी रुळला. ‘प्रिये’ मात्र रंगभूमीवर वाढली. ‘संगीत सौभद्र’ (1882) मध्ये कृष्ण रुक्मिणीला ‘प्रिये’ म्हणतो. ते नाटक बघून घरी गेलेला प्रेक्षक बायकोला ‘अगं’ किंवा ‘ऐकलंस का’ अशीच हाक मारत होता. तेव्हा हा शब्द आज नाटकी झालेला नाही, मुळातच नाटकातला आहे.

याच्या उलट ‘सखे’. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात एक छुपी उलथापालथ आहे. संस्कृतात ‘सखे’ ही पुरुषाला मारलेली हाक. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन कृष्णाला आपण ‘हे सखे’ म्हणत आलो, असं सांगतो. ‘सखी’ची संस्कृत हाक ऱ्हस्व ‘सखि’. मराठीत मात्र ‘सखे’ म्हटलं की बाईच! पुरुषाला ‘सख्या’. मराठीने संस्कृतचं संबोधन बाजूला ठेवून स्वतःचं घडवलं, कारण आपल्या कानाला हाकेतला शेवटचा ‘ए’ बाईचा वाटतो: सीते, रेखे, सुमे. म्हणूनच ‘अगं सखे’ जुळतं. थोडं काव्यमय वाटेल, पण हसू येत नाही. ‘अगं प्रिये’ म्हणून बघा. ‘अगं’ स्वयंपाकघरात उभी आणि ‘प्रिये’ पडद्यामागे मेकअप करतेय, असं वाटतं. एखादी हाक बोलीत मुरली आहे का, हे तपासायला ‘अगं’ किंवा ‘अरे’ जोडून पाहणं हा मला सापडलेला सर्वांत स्वस्त उपाय.

पुरुषाची तर आणखी पंचाईत. देवचं देवा, तसं प्रियचं ‘प्रिया’ व्हायला हवं, पण ते मुलीचं नाव आहे. म्हणून मग नाटकातल्या नायिकांना ‘नाथ’ आणि ‘प्राणनाथ’ लागले, आणि ते ‘प्रिये’हूनही लवकर विनोदी झाले.

साधं ‘प्रिय’ मात्र पत्राच्या मायन्यात सुखाने नांदतंय. आईवडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, बरोबरीच्यांना ‘प्रिय’ अशी जुनी वाटणी होती. आता बँकेचा मेसेजही ‘प्रिय ग्राहक’ने सुरू होतो. तिथे प्रेमाचा संबंध नाही आणि हाकेचाही नाही, नाहीतर ‘ग्राहकहो’ लिहिलं असतं. हे इंग्रजी मायन्याचं भाषांतर आहे.

आणि ‘प्रिये’ ही हाक रोज ऐकू येणारी एक जागा आहेच. माझ्या वर्गात एक प्रिया होती. तिची आई खालून ओरडायची, “प्रिये, डबा विसरलीस!” त्यात शृंगार नावाला नव्हता, आणि आम्हाला कधी हसूही आलं नाही.