इंग्रजी शब्दांच्या सुरुवातीचे व्यंजनसमूह (स्कूल, स्ट्रीट वगैरे)

इंग्रजीत बऱ्याच शब्दांच्या सुरुवातीलाच दोन किंवा तीन व्यंजनं एकमेकांना चिकटून येतात आणि त्यांच्या आधी किंवा मधे कुठेही स्वर नसतो. स्कूलमधे स आणि क, स्ट्रीटमधे स, ट आणि र. तीनचा समूह असेल तर पहिला कायम स, दुसरा प, ट, क यातला एक, आणि तिसरा र, ल, य किंवा व, जसं स्प्रिंग, स्प्लॅश, स्क्रीन, स्क्वेअर.

ज्यांच्या भाषेत शब्द असा सुरू होत नाही ते नकळत एक जास्तीचा स्वर घालतात. स्पॅनिशवाले एस्कूल म्हणतात, बरेच हिंदी-उर्दूवाले इस्कूल, तर पंजाबीत स्वर मधे शिरून सकूल होतं. स्वर आधी आला तर आदिस्वरागम, मधे आला तर स्वरभक्ती. गंमत म्हणजे इस्कूल म्हणणारा माणूस प्लीजचं इप्लीज करत नाही, पिलीज करतो, म्हणजे स नंतर प-ट-क आले की स्वर स च्या आधी चिकटतो आणि प-ल सारख्या जोडीत मात्र मधे घुसतो. जपानीत सगळीकडे मधेच येतो, पण स्कूलमधला तो उ बोलताना बहुतेक वेळा ऐकूच येत नाही, स्ट्रीटचं सुतोरीतो होतं तेव्हा त्यातला ट नंतरचा ओ मात्र चांगलाच ऐकू येतो.

हा स्वर येतो कुठून ते घशावर बोट ठेवलं की कळतं. स आणि क दोन्ही अघोष आहेत, म्हणजे ते बोलताना घशातले स्वरतंतू थरथरत नाहीत, आणि स्कूलमधे थरथर सुरू व्हायची ती थेट ऊ ला. थरथर स च्या आधीच सुरू झाली तर इस्कूल, स आणि क च्या मधे सुरू झाली तर सकूल. त्यामुळे जिभेची कसरत करण्यापेक्षा आवाज उशिरा सुरू करणं हेच खरं काम आहे. सापासारखा नुसता स्स्स्स लांबवायचा, बोटाला काही जाणवता कामा नये, आणि हवा न थांबवता जीभ क वर नेऊन सोडायची, की कूल आपोआप येतं. स च्या आधी स्वर असला तर हे सोपं जातं म्हणून सुरुवात माय स्कूलपासून करतात, मग माय अगदी हळू, मग नुसतं मनातल्या मनात. दॅट स्कूल जास्त अवघड, कारण आधीचा शब्द व्यंजनावर संपतो, ते नंतर घ्यावं.

स्ट्रीटमधे घोटाळ्याच्या जागा दोन आहेत, एक स च्या आधी आणि दुसरी ट आणि र च्या मधे, आणि पहिली सुधारली तरी दुसरीत बरेच जण अडकतात, स्टिरीट म्हणतात. स म्हणताना जिभेचं टोक वरच्या दातांमागच्या उंचवट्याजवळ बारीक फट ठेवून असतं, ट ला ती फट बंद होते, इथपर्यंत जीभ फारशी हलत नाही. ट सोडायच्या आधीच ओठ र साठी थोडे पुढे आलेले हवेत, म्हणजे ट सुटतो तो सरळ र मधेच. ट सोडून मग र ची तयारी केली की तेवढ्या फटीत इ शिरलाच म्हणून समजा.

अजून एक, स नंतरचा क, ट, प महाप्राण नसतो. एकट्या कूलमधला क इंग्रजीत थोडा ख सारखा फुटतो पण स्कूलमधला नाही, आणि तिथे जोर देऊन स्खूल केलं तर स्वर नसूनही उच्चार विचित्र वाटतो. आपला उच्चार तपासायचा तर रेकॉर्ड करून सुरुवातीचा स कापून ऐकावा: नीट असेल तर उरलेलं इंग्रजी कानाला गूलसारखं लागतं, आणि मधे स्वर शिरला असेल तर तो आधी सापडतोच.

स्वर राहिला तर नेहमीच काही बिघडतं असं नाही, इस्कूल कुणालाही कळतं. अडचण होते ती स्वर असलेला दुसरा खरा शब्द हजर असतो तिथे: स्टेट आणि एस्टेट, स्टीम आणि एस्टीम, स्पोर्ट आणि सपोर्ट, ब्लो आणि बिलो. आणि सवय मोडताना उलटंही होतं, म्हणजे माणूस स्वर काढायच्या नादात सपोर्टचाही स्पोर्ट करून टाकतो, म्हणून सराव अशा जोड्यांमधे करावा, नुसती स्कूल-स्ट्रीटची यादी घोकून हे लक्षात येत नाही.