चालीतलं वजन कुठून आलं

ठाण्याच्या जांभळी नाक्यावर सकाळी सहाच्या सुमाराला भाजीबाजार भरात असतो. तिथे डोक्यावर मेथीच्या जुड्यांची पाटी घेऊन एक बाई दुकानांमधून वाट काढत चालली होती. पाटीखाली लुगड्याची चुंबळ, डावा हात पाटीच्या काठाला, उजवा मोकळा. मी टू-डी ॲनिमेशन करतो आणि त्या दिवसांत मला नेमकी अशीच चाल काढायची होती. आधी मी ती आमच्या धंद्यातल्या पाठ केलेल्या चार पोझमध्ये बसवली, म्हणजे काँटॅक्ट, डाउन, पासिंग, अप. पेन्सिल टेस्ट, म्हणजे कच्ची चित्रं हलताना पाहिली, तेव्हा बाई चालत होती, पण पाटी रिकामी वाटत होती. चूक शोधताना त्या चार पोझ आल्या कुठून, इथपर्यंत मागे जावं लागलं.

काँटॅक्ट म्हणजे पुढच्या पायाची टाच जमिनीला टेकते आणि मागच्याचा चवडा अजून टेकलेलाच असतो तो क्षण. पावलाचं अंतर इथे सगळ्यात जास्त असतं. नजरेला ही पोझ सहज सापडते आणि कॅमेऱ्यालाही. एडवर्ड मायब्रिज यांनी 1878 साली कॅलिफोर्नियात पालो आल्टो इथे बारा कॅमेरे ओळीने लावून धावत्या घोड्याची छायाचित्रं घेतली. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात त्यांनी माणसांचीही अशीच चित्रमालिका केली. 1887 साली त्या कामाचे 781 फलक प्रसिद्ध झाले, त्यांत साधी चालणारी, जिने चढणारी, ओझं वाहणारी माणसं आहेत. ॲनिमेटर आजही हे फलक समोर ठेवून काढतात. मात्र त्यांत एक उणीव आहे. प्रत्येक चित्र वेगळ्या चौकटीत असल्यामुळे डोकं मागच्या चित्रापेक्षा किती खाली गेलं, हे सहज दिसत नाही. पोझ मिळते, तिची उंची नीट मिळत नाही.

उंची पॅरिसमध्ये मिळाली. एतिएन-ज्यूल मारे हे शरीरशास्त्रज्ञ होते, चित्रापेक्षा आलेखावर त्यांचा विश्वास. 1870 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे तळव्यात हवेची पोकळी असलेले रबरी बूट वापरात होते. पाय टेकला की हवा दाबली जायची आणि नळीवाटे तो दाब चालणाऱ्याच्या हातातल्या यंत्रावर रेघ ओढायचा. 1883 च्या आसपास त्यांनी माणसाला काळे कपडे घातले, हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या आणि काळ्या पडद्यापुढे चालवून सगळ्या अवस्था एकाच काचेवर टिपल्या. शरीर गायब झालं, राहिल्या फक्त रेषा, आणि त्यांच्यावर डोक्याची एक लाट. दोन्ही पाय जमिनीवर असताना लाट तळाशी, एका पायावर तोल असताना माथ्यावर. मला वाटतं आपल्या धंद्यातला वजनाचा पहिला खरा पुरावा हाच. मोठ्या माणसाच्या साध्या चालीत ही लाट चार-पाच सेंटिमीटरच उंच असते, पण तीच नसेल तर आकृती जमिनीवर घसरल्यासारखी वाटते.

या दोघांपैकी कुणी ॲनिमेशन करत नव्हतं. चित्रातून चाल उभी करायची तर प्रश्न उलटा होतो, सगळ्याच पोझ आपण काढायच्या असतात, मग सुरुवात कुठून करायची? अमेरिकन व्यंगचित्रकार विन्सर मॅके यांनी 1914 च्या डायनासोरवरच्या चित्रपटात याचं एक उत्तर दिलं. आधी हालचालीच्या मुख्य पोझ काढायच्या, मग दोन पोझच्या बरोबर मधली, मग उरलेल्या अर्ध्यांच्या मधली. ते त्याला स्प्लिट सिस्टीम म्हणत. आपण ज्याला इन-बिटवीन म्हणतो ते काम इथून रुळलं. त्याच सुमाराला राउल बॅरे यांनी कागद एका जागी धरून ठेवणारे पेग वापरात आणले. पेगशिवाय दोन पोझमधला दोन मिलिमीटरचा उतार मोजता येणं शक्यच नव्हतं, कारण कागदच त्याहून जास्त हलायचा.

मधोमध वाटणी करण्याच्या पद्धतीत मात्र एक खोट होती. दोन काँटॅक्टच्या बरोबर मधे जे येतं ते दोन आकृत्यांचा सरासरी आकार. पाय सरासरीने वळत नाही, गुडघ्यातून वळतो. सरळ मध्य घेतला की झोक्यातला पाय आखूड होतो आणि शरीर एका उंचीवरून सरकत राहतं. 1920 च्या दशकातल्या कार्टूनमधले रबरी नळीसारखे पाय या अडचणीला पळवाट होते, सांधेच नाहीत म्हटल्यावर गुडघ्याचा प्रश्नही नाही. चाल तालात होती, पण तिला वजन नव्हतं.

पुढचा बदल 1930 च्या दशकात डिस्नेच्या स्टुडिओत झाला. डॉन ग्रॅहम यांचे चित्रकलेचे वर्ग 1932 पासून तिथे सुरू झाले आणि कच्ची पेन्सिल चित्रंच फिल्मवर घेऊन तपासण्याची पद्धत पडली. चित्रं पडद्यावर हलताना पाहिल्यावर कळलं की काँटॅक्ट ही वजनाची पोझ नाहीच. टाच टेकते तेव्हा अंग अजून पडतंय. ते पायावर येतं दोन-तीन फ्रेमनंतर, गुडघा वाकतो तेव्हा. तो डाउन. पासिंगमध्ये झोक्यातला पाय उभ्या पायाजवळून पुढे जातो आणि उभा पाय सरळ होत अंग वर उचलतो, आणि अपमध्ये मागचा पाय ढकलतो. तिथलेच ॲनिमेटर आर्ट बॅबिट यांनी गूफीची चाल बांधताना पासिंगची पोझ हवी तशी वळवून चालीचा स्वभावच बदलता येतो हे दाखवलं. 1973 साली ॲनिमेटर रिचर्ड विल्यम्स यांनी बॅबिटना लंडनच्या आपल्या स्टुडिओत शिकवायला बोलावलं. आज वर्गावर्गात काढला जातो तो चार पोझचा तक्ता मुख्यतः विल्यम्स यांच्या शिकवणीतून पसरला.

त्या तक्त्यात निसर्गापासून जाणूनबुजून केलेली एक फारकत आहे. मारेच्या लाटेत डोकं सगळ्यात वर असतं ते पासिंगच्या आसपास. तक्त्यात ते पासिंगनंतर, अपमध्ये वर जातं. डाउनही खऱ्यापेक्षा जरा उशिरा आणि जास्त खोल असतो. पडद्यावर एखादी अवस्था वाचायला डोळ्याला वेळ लागतो, म्हणून पडणं आणि ढकलणं दोन्ही लांबवलं आहे. कार्टूनला ते शोभतं. जांभळी नाक्यावरच्या बाईला ते शोभलं नाही.

आपल्याकडे ही विद्या फारशी वळसे न घेता आली. दादासाहेब फाळके यांनी 1915 मध्ये आगकाड्या हलवून चित्रपट केला होता, पण ते वस्तू हलवण्याचं तंत्र. रेषेतून चाल बांधण्याचं रीतसर शिक्षण मुंबईत 1956 साली आलं, फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात. शिकवायला आलेले क्लेअर वीक्स डिस्नेत काम केलेले. त्या विभागातून राम मोहन आणि जी. के. गोखले यांच्यासारखे लोक घडले. मी ठाण्यात ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या काकांनी हीच परंपरा ऐकीव घेतली होती. लाइट बॉक्सवर माझे कागद उलटेपालटे करत ते म्हणायचे, "टाच कुठे टेकते ते मला दाखवू नकोस रे, अंग कुठे बसतं ते दाखव."

आता त्या बाईच्या चालीचा हिशेब. सेकंदाला 24 फ्रेम असतात आणि साध्या चालीचं एक पाऊल 12 फ्रेमचं धरतात, म्हणजे सेकंदाला दोन पावलं. काँटॅक्ट 1 वर, डाउन 4, पासिंग 7, अप 10, पुढचा काँटॅक्ट 13 वर. मी डोकं डाउनला 18 पिक्सेल खाली आणि अपला तितकंच वर घेतलं होतं. चूक तिथेच होती. डोक्यावर भार असलेला माणूस डोकं वरखाली होऊ देत नाही, कारण प्रत्येक वेळी सगळी पाटी पुन्हा उचलावी लागेल. तो गुडघे थोडे वाकलेलेच ठेवतो, पावलं आखूड आणि चटचट टाकतो. ती लाट गुडघ्यात जिरते.

म्हणून पाऊल 10 फ्रेमचं केलं. डोकं डाउनला 6 खाली, अपला 4 वर, एवढंच. काँटॅक्टला पुढच्या पायाचा चवडा जेमतेम उचललेला, तळवा जवळजवळ सपाट. पासिंगला उभा पाय सरळ न करता गुडघ्यात किंचित वाकलेला ठेवला. इथे आणखी एक अडचण आली. आम्ही एक चित्र दोन फ्रेम दाखवतो, म्हणजे चित्रं 1, 3, 5, 7, 9 अशी विषम फ्रेमवरच पडतात, आणि दहाच्या पावलाचा मध्य येतो 6 वर. पासिंग 5 वर घ्यायचं की 7 वर? पाचावर घेतलं तर बाई पाटी झटक्यात उचलते. सातावर घेतलं तेव्हा डाउन 3 वर आला, 5 वरचं इन-बिटवीन डाउनच्या जवळ ठेवलं, आणि अंग खालीच रेंगाळून मग वर आलं. एवढ्या बदलाने पाटी भरली. एकही पोझ जास्त खोल करावी लागली नाही.

उरलेलं काम पायाचं. जमिनीवरचं पाऊल दर फ्रेमला सारखंच मागे गेलं पाहिजे. काँटॅक्टला दोन पावलांत 160 पिक्सेल होते, म्हणजे फ्रेमला 16, चित्राला 32. दुकानांची पार्श्वभूमीही तितकीच सरकायला हवी. मी ती आधी एकेका फ्रेमला 16 ने सरकवली होती. एकूण अंतर जुळत होतं, पण बाई दोन फ्रेम स्थिर असताना जमीन मधेच एकदा हलायची, आणि पाऊल थरथरायचं. हे स्थिर चित्रात दिसत नाही. पावलाच्या टोकाशी पडद्यावर एक खूण धरून फ्रेम पुढेमागे केल्या की लगेच कळतं. पार्श्वभूमीही दोन-दोन फ्रेमला 32 ने सरकवल्यावर थरथर थांबली.

दोन पावलांचं आवर्तन 20 फ्रेमचं होतं आणि 21 वर पुन्हा पहिलंच चित्र येतं. ते शेवटी एकदा आणि सुरुवातीला एकदा असं दोनदा लागलं की दर आवर्तनाला बाई जरा अडखळते. सुरुवातीच्या माझ्या प्रत्येक चालीत हे झालं आहे. दुसरं पाऊल पहिल्याची उलटी छापील प्रत करूनही चालत नाही, कारण डावा हात पाटीला आहे आणि उजवा झुलतोय. पाय उलटले, वरचं अंग पुन्हा काढलं.

सगळ्यात शेवटी मेथी काढली. पाटी 3 वर खाली बसते, पानं 5 वर, आणि पाटी वर निघाली तरी पानांचे शेंडे अजून खालीच वळलेले असतात.