ध्वनीचा मोठेपणा, तीव्रता आणि डेसिबेल

ध्वनीची तीव्रता ही भौतिक राशी आहे. ध्वनितरंगाच्या दिशेला काटकोनात धरलेल्या एक चौरस मीटर क्षेत्रातून दर सेकंदाला जितकी ऊर्जा जाते, तितकी त्या जागची तीव्रता. मोठेपणा ही ऐकणाऱ्याला होणारी जाणीव आहे आणि ती कोणत्याही उपकरणाने थेट मोजता येत नाही. डेसिबेल या दोहोंपैकी पहिल्या राशीचे माप आहे. तीव्रता दुप्पट झाली की पातळी ३ डेसिबेलने वाढते. मोठेपणा मात्र त्यामुळे साधारण सव्वापटच होतो. मध्यम पातळीच्या ध्वनीचा मोठेपणा दुप्पट वाटण्यासाठी तीव्रता सुमारे दहापट, म्हणजे पातळी १० डेसिबेलने वाढवावी लागते.

डेसिबेलमधील पातळी L = 10 log₁₀(I/I₀) या सूत्राने काढतात. येथे I ही मोजलेली तीव्रता आणि I₀ ही संदर्भ तीव्रता, म्हणजे दर चौरस मीटरला एक वॅटचा एक लाख कोटीवा भाग आहे. १००० हर्ट्झच्या स्वरासाठी निरोगी कानाचा श्रवणारंभ, म्हणजे जेमतेम ऐकू येणारी तीव्रता, साधारण याच पातळीच्या आसपास असतो. त्यामुळे शून्य डेसिबेल म्हणजे ध्वनीचा अभाव नव्हे.

डेसिबेलचे मूळ. कानाची जाणीव लॉगरिथमच्या नियमाने चालते म्हणून डेसिबेल लॉगरिथमवर बेतले, असे अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते. एककाच्या इतिहासाशी हे जुळत नाही. दूरध्वनीच्या तारेतून जाणारा संदेश क्षीण होतो आणि दर मैलाला त्याच्या शक्तीचा ठरावीक अंश उरतो. दहा मैलांचा ऱ्हास काढायचा तर तो अंश दहा वेळा गुणावा लागतो. लॉगरिथम घेतला की गुणाकाराची बेरीज होते. अमेरिकेतील बेल दूरध्वनी व्यवस्थेतले अभियंते आधी हा ऱ्हास ‘प्रमाण तारेचे मैल’ या मापात सांगत. १९२०च्या दशकाच्या मध्यास त्याजागी एक ‘प्रेषण एकक’ आले आणि दशक संपता संपता त्यालाच अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून डेसिबेल म्हणू लागले. नवे एकक जुन्या मैलाच्या जवळपास राहील असेच निवडलेले होते. एक डेसिबेलचा फरक कानाला जेमतेम कळतो, ही सोय अभियंत्यांनी हेरली होती; पण रचनेचे कारण तार होती, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

गैरसमजाला बळ मिळाले ते गुस्टाव्ह फेखनर यांच्या १८६०च्या सिद्धान्तामुळे. उद्दीपन ठरावीक पटींनी वाढले की संवेदना ठरावीक पायऱ्यांनी वाढते, असे त्यांनी मांडले. हे ध्वनीला तंतोतंत लागू असते तर डेसिबेलचा आकडा हाच मोठेपणा ठरला असता आणि १०० डेसिबेलचा स्वर ५० डेसिबेलच्या दुप्पट मोठा वाटला असता. श्रोत्यांना विचारले तेव्हा त्यांची उत्तरे दुपटीच्या फार पुढे गेली. सोन या मोठेपणाच्या एककाने तीच तुलना केली तर उत्तर ३२ पट येते.

सोन आणि फोन. स्टॅन्ली स्मिथ स्टीव्हन्स यांनी १९३६ मध्ये सोन हे मोठेपणाचे एकक सुचवले. १००० हर्ट्झ वारंवारतेच्या ४० डेसिबेल स्वराचा मोठेपणा एक सोन. श्रोत्याने मोठेपणाला स्वतःच आकडा द्यायचा, किंवा स्वर निम्मा वा दुप्पट वाटेपर्यंत बटण फिरवायचे, अशा प्रयोगांतून हे माप उभे राहिले. मोठेपणा तीव्रतेच्या सुमारे ०.३ घाताच्या प्रमाणात वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. २ चा ०.३ घात १.२३ आणि १० चा ०.३ घात २ येतो; वर सांगितलेली सव्वापट आणि दुप्पट येथूनच निघते. फोन हे वेगळे माप आहे. कोणताही ध्वनी १००० हर्ट्झच्या जितक्या डेसिबेल स्वराइतका मोठा वाटेल, तितके त्याचे फोन. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन यांनी १९३३ मध्ये काढलेल्या सममोठेपणाच्या वक्रांवर ते आधारलेले आहे.

दहा डेसिबेलच्या आकड्यावर मतभेद आहेत. व्यक्तीगणिक उत्तरे खूप बदलतात, आणि प्रयोगात ऐकवलेल्या ध्वनींचा पल्ला बदलला तरी ती सरकतात. रिचर्ड वॉरन यांच्या मते श्रोता नकळत अंतराचा अंदाज बांधतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबेलने उतरते, म्हणून निम्मेपणाही तिथेच मानावा. ही सूचना विचारात घेण्याजोगी असली तरी मोठेपणाची बेरीज दाखवणारे पुढील प्रयोग स्टीव्हन्स यांच्या बाजूने अधिक झुकतात.

एक उदाहरण. १००० हर्ट्झभोवतीच्या अरुंद पट्ट्यातली घरघर देणारा एक उगम ऐकणाऱ्याच्या कानाशी ६० डेसिबेल पातळी देतो. त्याचा मोठेपणा ४ सोन. शेजारी तसाच, पण स्वतंत्रपणे चालणारा दुसरा उगम सुरू केला की ऊर्जा दुप्पट, पातळी ६३ डेसिबेल आणि मोठेपणा सुमारे ४.९ सोन होतो. चार उगमांना सुमारे ६ सोन मिळतात. ८ सोन गाठायला दहा उगम लागतात. येथे ‘स्वतंत्रपणे’ हा शब्द महत्त्वाचा. एकच विद्युत्‌संकेत दोन ध्वनिक्षेपकांना दिला आणि तरंग एकाच कलेत पोहोचले, तर दाब दुप्पट होऊन पातळी ६ डेसिबेलने चढते. मोजमापात ३ ऐवजी ६ दिसले, तर आधी ही शक्यता तपासावी.

आता दुसरा उगम १००० हर्ट्झवर न ठेवता ४००० हर्ट्झजवळ न्यावा आणि तोही एकट्याने ४ सोनच वाटेल असा लावावा. दोन्ही एकत्र ऐकले की मोठेपणा जवळजवळ ८ सोन होतो. म्हणजे भौतिक ऊर्जा अंदाजे तेवढीच वाढूनही येथे दुप्पट खरोखर दुप्पट वाटते. विषयाची खरी किल्ली येथे आहे.

कारण. आतल्या कानाच्या कर्णावर्तातील पटलावर प्रत्येक वारंवारतेची जागा वेगळी असते. हे कंपनचित्र गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवले आणि त्यासाठी त्यांना १९६१चे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या जागी कंपन होते तिथल्या बाह्य केशपेशी मंद ध्वनीला जोर देतात. ध्वनी वाढत जाईल तसा हा जोर कमी पडत जातो. परिणामी मधल्या पातळ्यांवर ध्वनी १० डेसिबेलने वाढला तरी पटलाची हालचाल फक्त २ ते ३ डेसिबेलने वाढते. हे आकुंचन जागेपुरते असते. नवी ऊर्जा त्याच जागी पडली तर ती दबते. दूरच्या जागी पडली तर तिथून तिचा स्वतंत्र हिशेब सुरू होतो आणि मेंदूपाशी दोहोंची बेरीज होते. बेकेशी यांची निरीक्षणे मृत कानांवरची होती, म्हणून त्यांत हे आकुंचन दिसले नाही. जिवंत प्राण्यात ते प्रथम १९७१च्या सुमारास विल्यम ऱ्होड यांनी खारमाकडाच्या कानात मोजले.

मर्यादा. ४० फोनच्या खाली दहा डेसिबेलचा नियम मोडतो; श्रवणारंभाजवळ मोठेपणा त्याहून झपाट्याने घटतो. बाह्य केशपेशी निकामी झालेल्या कानातही आकुंचन उरत नाही. ५० डेसिबेलपर्यंत काहीच ऐकू न येणाऱ्या अशा व्यक्तीला ६० डेसिबेलचे बोलणे पुसट ऐकू येते, तर ९० डेसिबेलचा आवाज निरोगी कानाइतकाच मोठा आदळतो. सगळे ध्वनी सारखेच वाढवणारे श्रवणयंत्र अशा कानाला असह्य होते. म्हणून यंत्रात मंद ध्वनीला जास्त आणि मोठ्या ध्वनीला कमी जोर देण्याची सोय करतात.