लेन्सच्या समोरच्या काचेची सफाई

कॅमेऱ्याच्या लेन्सच्या समोरच्या काचेवर परावर्तन कमी करणारा लेप असतो. काच तिरकी धरली की दिसणारी जांभळी-हिरवी झाक त्याचीच. या लेपातला मॅग्नेशियम फ्लोराइडचा एक थर जेमतेम १०० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाहून शेकडो पट पातळ असतो. विदर्भातल्या मुरमाच्या रस्त्यांवरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात. मोह्‌जच्या मापात त्यांचा कठीणपणा ७, तर बहुतेक लेन्सच्या काचेचा ५ ते ६ असतो. धूळ तशीच ठेवून पुसलं, तर कापडाचा पॉलिश पेपर होतो. खांद्यावरचा दुपट्टा किंवा सदऱ्याचं टोक तर अजिबात वापरू नये, कारण दिवसभराची माती त्यातच मुरलेली असते.

समजा, ऑक्टोबरात सोयाबीनच्या मळणीचे फोटो काढून आलात. काचेवर कुटाराची भुकटी आहे आणि झाकण लावताना बोटही लागलं आहे. काच जमिनीकडे करून धरा आणि रबरी ब्लोअर काचेला न टेकवता आठ-दहा वेळा दाबा, म्हणजे सुटलेले कण खाली पडतील. तोंडाने फुंकल्यास थुंकीचे थेंब बसतात, आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि पाणी असतं. चिकटून राहिलेली भुकटी बकरीच्या केसांच्या मऊ ब्रशने, दाब न देता, बाहेरच्या कडेकडे झटकावी. ब्रशच्या केसांना बोट लावू नये. बोटाचं तेल त्यातून काचेवर पसरतं.

बोटाचा ठसा मात्र हवेने जात नाही. त्यासाठी लेन्ससाठीच्या द्रवाचे एक-दोन थेंब स्वच्छ मायक्रोफायबर कापडावर घ्यावेत. काचेवर थेट टाकलेला थेंब कडेच्या रिंगमधून आत झिरपतो. मधून कडेकडे गोल फिरवत हलक्या हाताने पुसावं, दर फेरीला कापडाची कोरी बाजू घ्यावी. कापड धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाळावा, नाहीतर त्याचा थर काचेवर उमटतो. सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन असतं, त्याचे ओघळ राहतात. नेलपॉलिश काढायच्या ॲसिटोनने प्लास्टिकची रिंग विरघळू शकते.

मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की उन्हातली काच अंगाहून गरम असते. पुसण्यासाठी सोडलेली श्वासाची वाफ तिच्यावर धरतच नाही, आणि अल्कोहोलचा द्रव पुसण्याआधीच उडून डाग सोडतो. अशा वेळी लेन्स बंद पिशवीत सावलीत निवू द्यावी आणि मगच हात लावावा.

दोन-चार कण फोटोत दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी काच रोज पुसू नये. तेलकट डाग मात्र सूर्यासमोरच्या फोटोत पांढुरकी धूसर झाक आणतो. पुसल्यावर टॉर्च तिरका धरून पाहावं. ओघळ असेल तर दुसऱ्या फेरीत जातो. बारीक रेघ तशीच राहिली आणि तिथे लेपाची झाक तुटलेली दिसली, तर तो ओरखडा आहे. तो घासून जात नाही, उलट घासल्याने वाढतो.