बाईंना दिलेलं भेटकार्ड आणि त्यातल्या चार ओळी

जुन्या मराठी पत्रांत धाकट्याने थोरांना ‘शुभेच्छा’ देण्याची रीत नव्हती. वडिलांना ‘तीर्थरूप’, वडिलांच्या ठिकाणी असलेल्यांना ‘तीर्थस्वरूप’, गुरुजींना ‘गुरुवर्य’ लिहायचं, साष्टांग नमस्कार सांगायचा आणि शेवटी ‘आशीर्वाद असावा’ म्हणायचं. आशीर्वाद वरून खाली येई, खालून वर जाई तो नमस्कार. दसऱ्याला मुलं गुरुजींच्या हातावर सोनं ठेवत, तेव्हाही पाया पडूनच.

ही दिशा बदलली ती भेटकार्डामुळे. इंग्लंडात 1840 मध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागलं. तीन वर्षांनी हेन्री कोल यांनी हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळाचं कार्ड काढून घेतलं आणि सुमारे हजार प्रती छापल्या. त्यावरच्या एकाच ओळीत नाताळाबरोबर नव्या वर्षाचीही शुभेच्छा होती. ती शुभेच्छा कुणीही कुणालाही द्यावी, त्यात लहानमोठेपणा नाही.

आपल्या शाळांत ही प्रथा रुजली ती 1 जानेवारीला. पाडव्याला नाही, कारण तेव्हा परीक्षा डोक्यावर असतात. जानेवारीत मात्र वर्ग रोज भरलेला, बाई समोर. कार्डपेपर दुमडायचा, वर स्केचपेनने फुलं काढायची, चमकी लावायची. आत काय लिहायचं, हा प्रश्न नव्वदीच्या दशकात चारोळीने सोडवला. चंद्रशेखर गोखले यांच्या ‘मी माझा’नंतर चारोळी घरोघरी पोचली. चार छोट्या ओळी, दुसरीचं आणि चौथीचं यमक: दुमडलेल्या कार्डाच्या उजव्या पानावर नेमक्या मावतात.

मी मराठी शिकवते, त्यामुळे अशी पुष्कळ कार्डं माझ्याकडे आहेत. बहुतेकांत ‘सुखाचे’ आणि ‘समृद्धीचे’ असतं. ते कुणालाही चालेल, म्हणून वाचून विसरायला होतं. सातवीतल्या एका मुलीनेही आधी पेन्सिलीने तेच लिहिलं होतं. खोडलेलं अजून दिसतं. त्यावर शाईने आहे:

बाई, फळा रोज पुसला,
अक्षर मनात उरले;
नव्या वर्षी पहिल्या पानी
तेच वळण गिरवले.

फळा पुसायची पाळी तिची असे. तिचा ‘ळ’ नीट येत नव्हता. मी तो फळ्याच्या कोपऱ्यात काढून द्यायची आणि तास संपला की तीच पुसायची. या कार्डात ‘ळ’ दोनदा आलाय, ‘फळा’त आणि ‘वळणा’त, आणि दोन्हीकडे गाठ बरोबर बसली आहे.

कवितेत शुभेच्छेचा शब्दच नाही. ती खाली वेगळ्या ओळीत लिहिली आहे, ‘नूतन वर्षाच्या हार्दिक शुभेच्छा’, आणि त्याखाली, बारीक अक्षरात, ‘सा. न.’