प्रोलॅक्टिन वाढलेले निघाले? आधी टीएसएच पाहा

पाळी लांबते म्हणून रक्त तपासले, रिपोर्टमध्ये प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारे संप्रेरक, वाढलेले निघाले आणि मोबाइलवर शोधल्यावर पहिले उत्तर आले ते मेंदूतील गाठीचे. घरातले सगळे घाबरतात, एमआरआयची तारीख घेतली जाते, प्रोलॅक्टिन उतरवणारी कॅबरगोलिनची गोळी सुरू होते. थायरॉईडला चालवणारे पिट्युटरीचे संप्रेरक, म्हणजे टीएसएच, मात्र कुणी पाहिलेलेच नसते. हा क्रम उलटा आहे. प्रोलॅक्टिन वाढवणारे कारण पुष्कळदा डोक्यात नसून गळ्यात, थायरॉईड ग्रंथीत असते.

ते कसे, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. रक्तातले थायरॉईड संप्रेरक, म्हणजे टी-४, कमी पडू लागले की मेंदूतला हायपोथॅलॅमस टीआरएच नावाचा निरोप जोराने सोडू लागतो. तो खालच्या पिट्युटरी ग्रंथीला मिळतो, पिट्युटरी टीएसएच वाढवते आणि टीएसएच थायरॉईडला कामाला जुंपते. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. पण पिट्युटरीत टीएसएच बनवणाऱ्या पेशींच्या शेजारीच प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशी असतात आणि टीआरएच त्यांनाही चालना देते. थायरॉईड बिघडलेली असेल तर टीआरएच महिनोन्‌महिने चढे राहते, आणि ज्या बाईला बाळंतपण झालेले नाही तिचेही प्रोलॅक्टिन वर जाते. काही जणींना स्तनांतून दुधासारखा स्राव येतो तो यामुळेच.

प्रोलॅक्टिनचे एक काम अंगावर पाजणाऱ्या आईला पुन्हा लगेच दिवस जाऊ न देणे हे आहे. हायपोथॅलॅमसमधून बीजकोषांचे काम चालवणाऱ्या जीएनआरएच या निरोपाचे जे ठोके ठरावीक अंतराने सुटतात ते प्रोलॅक्टिन मंदावते. ते ठोके मंदावले की महिन्याच्या मध्यावर पिट्युटरीतून एलएच या संप्रेरकाची जी मोठी लाट यायला हवी ती येत नाही, आणि त्या लाटेशिवाय बीजकोषातून स्त्रीबीज बाहेर पडत नाही. बीज सुटले नाही तर प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. गर्भाशयाचे अस्तर मग इस्ट्रोजेनच्या जोरावर वाढतच राहते आणि कधीतरी तुकड्यातुकड्याने गळू लागते. म्हणून पाळी उशिरा येते आणि आली की दिवसेंदिवस थांबत नाही. त्यात भर म्हणजे थायरॉईड बरेच कमी असेल तर रक्त गोठण्यासाठी लागणारा व्हॉन विलेब्रांड घटकही कमी होऊ शकतो, त्यामुळे अंगावरून जास्त जाते. अशा बाईच्या सोनोग्राफीत बीजकोषात बारीक पुटकुळ्या दिसल्या की लगेच ‘पीसीओडी’चे लेबल लागते आणि मूळ कारण आणखी मागे पडते.

एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. वय २८, वजन ६० किलो, पाळी ४५ ते ५० दिवसांनी, रक्तस्राव आठ-नऊ दिवस, रक्ताच्या गाठीही पडतात. प्रोलॅक्टिन ५२ (साधारण मर्यादा २५), टीएसएच ३८ म्हणजे खूप वाढलेले, टी-४ कमी. इथे आधी लिव्होथायरॉक्सिन, म्हणजे टी-४ची गोळी, सुरू करायची. ग्रंथी जवळजवळ बंद असेल तर किलोमागे सुमारे १.६ मायक्रोग्रॅम लागते, म्हणजे हिला रोज १०० मायक्रोग्रॅमच्या आसपास. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर, आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने. पुढची तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी. टी-४ रक्तात निम्मे व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे त्याआधी काढलेला आकडा स्थिर नसतो आणि त्यावरून डोस बदलला की पुढचा घोळ सुरू होतो.

टीएसएच जाग्यावर आले की प्रोलॅक्टिन पुन्हा मोजायचे. बहुतेक वेळा तेही उतरलेले असते आणि पुढच्या काही महिन्यांत पाळी रुळावर येते. टीएसएच ठीक होऊनही प्रोलॅक्टिन चढेच राहिले, किंवा डोकेदुखी आणि नजरेची तक्रार असली, तर एमआरआय हवाच. थायरॉईड फार काळ कमी राहिल्यास पिट्युटरी स्वतः फुगते आणि एमआरआयवर गाठीसारखी दिसू शकते. ही सूज गोळीने ओसरते. टीएसएच न पाहता तिच्यावर शस्त्रक्रियेचा विचार करणे किती धोक्याचे, हे यावरून कळावे.

‘थायरॉईड आहे म्हणजे मूल होणार नाही’ हा समज म्हणूनच चूक. टीएसएच आटोक्यात आले की बीज सुटू लागते आणि दिवस राहतात. खरी काळजी त्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत घ्यायची असते.

गरोदरपणाची पट्टी लघवीत जे संप्रेरक शोधते ते एचसीजी. त्याची बांधणी टीएसएचशी इतकी मिळतीजुळती असते की ते थायरॉईडलाही चेतवते. साधारण ८ ते ११ आठवड्यांत त्याची पातळी सर्वांत जास्त असते, म्हणून निरोगी बाईचे टीएसएच त्या काळात आपोआप खाली जाते. फार उलट्या होणाऱ्या बाईत ते अगदी तळाला गेलेले दिसते. तेवढ्यावरून थायरॉईड दाबणारी गोळी सुरू करायची नसते. थायरॉईड अति काम करू लागते तो ग्रेव्हजचा आजार नाही ना, एवढे तपासायचे, आणि तो नसेल तर पुढच्या आठवड्यांत आकडा आपसूक सुधारतो.

निरोगी ग्रंथी एचसीजीच्या या रेट्याने जास्त टी-४ बनवते आणि त्याची गरजही असते. वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तात टी-४ला धरून ठेवणारी प्रथिने वाढतात, वार काही टी-४ मोडून टाकते, आणि गर्भाची स्वतःची ग्रंथी सुमारे बाराव्या आठवड्यापर्यंत काहीच बनवत नाही. तोवर तो सर्वस्वी आईवर अवलंबून असतो. आपल्या उदाहरणातली ग्रंथी चेतवूनही वाढीव काम करू शकत नाही, म्हणून वाढ गोळीतूनच द्यावी लागते. ती दिली नाही तर गर्भपात आणि वेळेआधी प्रसूती यांचा धोका वाढतो. यासाठी डॉक्टरांशी आधीच ठरवून ठेवायची सोपी रीत आहे. पाळी चुकून पट्टीवर दोन रेघा आल्या की त्याच आठवड्यापासून सातऐवजी नऊ गोळ्या घ्यायच्या, म्हणजे सोमवारी आणि गुरुवारी दोन-दोन. आठवड्याला ७०० ऐवजी ९०० मायक्रोग्रॅम, वाढ सुमारे २९ टक्के. पहिल्या सोनोग्राफीपर्यंत थांबले तर सगळ्यात नाजूक दिवस निघून जातात. त्यानंतर निम्म्या गरोदरपणापर्यंत दर चार आठवड्यांनी टीएसएच, आणि पुढे तिसाव्या आठवड्याच्या सुमारास एकदा.

सगळ्यात जास्त गडबड होते ती लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांमुळे. गरोदरपणात त्या दोन्ही दिल्या जातात आणि दोन्ही पोटात लिव्होथायरॉक्सिनला पकडून ठेवतात. डोस वाढवत जावे आणि टीएसएच काही हलू नये, असे असेल तर आधी या गोळ्या केव्हा घेतल्या जातात ते विचारावे. मध्ये चार तासांचे अंतर हवे. सकाळी थायरॉईडची, जेवणानंतर दुपारी एक आणि रात्री दुसरी, अशी वाटणी चालते.

धन्याचे पाणी पिऊन थायरॉईड बरी होते म्हणून गोळी सोडणाऱ्या बायका आजही भेटतात. धन्याच्या पाण्याने अपाय नाही, पण बिघडलेली ग्रंथी त्याने टी-४ बनवू लागत नाही, आणि गरोदरपणात गोळी सुटली तर त्याची किंमत पोटातले बाळ मोजते. दुसऱ्या टोकाला, टीएसएच अगदी नॉर्मल असतानाही केवळ थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडी निघाल्या म्हणून गर्भपात टाळण्यासाठी गोळी देण्याची पद्धत आहे. ब्रिटनमध्ये ९५२ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांपैकी ३७.४ टक्के आणि नुसती साखरेसारखी गोळी घेणाऱ्यांपैकी ३७.९ टक्के जणींना जिवंत बाळ झाले. अशा बाईला गरज आहे ती टीएसएचवर लक्ष ठेवण्याची, कारण गरोदरपणात ते वर सरकू शकते.

प्रसूती झाली की वाढीव दोन गोळ्या बंद करून जुन्या डोसवर यायचे आणि सहा आठवड्यांनी टीएसएच करायचे. बाळाला अंगावर पाजताना ही गोळी सुरू ठेवता येते.