"90 टक्के खात्री आहे" हा आकडा येतो कुठून?

आमच्या तालुक्यातलं जुनं वाचनालय कुठल्या साली सुरू झालं हे मी एका एआय मॉडेलला विचारलं, आणि वर लिहिलं की खात्री किती टक्के तेही सांग. उत्तर आलं 1912, खात्री 90 टक्के. नवीन चॅट उघडून परत तेच विचारलं तर 1923. असं पाच वेळा केलं, चार वेगवेगळी सालं आली आणि खात्री मात्र दरवेळी 90 नाहीतर 95. म्हणजे साल हलतंय, खात्री जागची हलत नाही :)

खात्री मोजायची पद्धत तशी जुनी आहे, हवामानवाल्यांची. पावसाचे अंदाज टक्क्यांत दिले तर ते तपासायचे कसे यावर अमेरिकेत ग्लेन ब्रायरने 1950 मध्ये सूत्र मांडलं. मागची कल्पना साधी, ज्या शंभर दिवशी तुम्ही "70 टक्के" म्हणालात त्यातले साधारण सत्तर दिवस पाऊस पडायला हवा. याला कॅलिब्रेशन म्हणतात.

आता गंमत बघा. मार्च 2023 मध्ये जीपीटी-4 या मॉडेलचा टेक्निकल रिपोर्ट आला, त्यात याचेच दोन आलेख शेजारी शेजारी आहेत. नुसतं मजकूर वाचून तयार झालेलं मूळ मॉडेल पर्यायी प्रश्नांमध्ये आपल्या उत्तराला आतून जी शक्यता देत होतं ती प्रत्यक्ष बरोबर येण्याच्या प्रमाणाशी जवळजवळ जुळत होती, आणि माणसांच्या पसंतीनुसार वळण लावल्यावर तो मेळ बिघडला. कारण कळण्यासारखं आहे, ठामपणे बोललेलं माणसांना आवडतं. शिवाय मॉडेल्सच्या बहुतेक चाचण्या म्हणजे निगेटिव्ह मार्किंग नसलेला पेपर, "माहीत नाही" लिहिलं तर शून्य, ठोकून दिलं तर लागला तर लागला मटका.

पण ही झाली आतली शक्यता. तोंडाने सांगितलेला आकडा ही वेगळीच गोष्ट, तो आत कुठला काटा बघून सांगितलेला नसतो, तोही उत्तरासारखाच शब्दामागून शब्द जुळवून आलेला असतो. माणसं लिहिताना "90 टक्के खात्री" लिहितात, 37 टक्के कोण लिहितो? 2023 च्या एका अभ्यासात हेच दिसलं, मॉडेल्सचे आकडे बहुतेक 80 ते 100 च्या मधे आणि पाचच्या पटीत.

मग "खात्री नसेल तर तसं सांग" असं लिहिलं की काय होतं? थोडा फरक पडतो, पण बऱ्याचदा सूरच बदलतो, बरोबर उत्तरालाही "कदाचित" चिकटतं आणि चुकीच्यालाही. "कदाचित" आलं एवढ्यावर खूश होऊ नये, ते चुकीच्या उत्तरांवरच जास्त पडतंय का ते मोजावं लागतं, त्यासाठी उत्तरं आधीच माहीत असलेले पन्नासेक प्रश्न हाताशी हवेत.

त्यापेक्षा तेच नव्या चॅटमध्ये चार-पाचदा विचारणं मला बरं वाटतं, उत्तरं फुटली की समजायचं अंदाजपंचे चाललंय. उलटं मात्र धरू नका. एखादी चूक नेटवर सगळीकडे कॉपी झालेली असली तर ती पाचही वेळा तशीच येते.